नळी घातली, पण काढायची कधी?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराचं उत्खनन झालं, तेव्हा शस्त्रवैद्याच्या हत्यारांत ब्राँझची एक पोकळ नळी सापडली. ती सरळ नाही, दोनदा वळलेली आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग मूत्राशयापर्यंत जाताना जसा वळतो, त्याच वळणाची. ज्याने ती घडवली त्याला शरीराच्या आतला रस्ता माहीत होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या वाताष्ठीलेचं वर्णन असं, की गुदमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट, न हलणारी, उंचवट्याची गाठ तयार होते आणि मूत्र अडवते. आज सर्जन गुदद्वारातून बोट घालून जी वाढलेली प्रोस्टेट चाचपतात, ती नेमकी याच जागी असते.

म्हणजे रोगाची जागा आणि तिथे पोचण्याची वाट, दोन्ही गोष्टी फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. लघवी तुंबलेल्या माणसाच्या उपचाराचा इतिहास चाळला तर त्यात तीन प्रश्न दिसतात. नळी आत कशी घालायची, ती आत टिकवायची कशी, आणि बाहेर कधी काढायची. पहिल्याचं उत्तर प्राचीन आहे, दुसऱ्याचं १९३० च्या दशकातलं. तिसरा प्रश्न मात्र गेल्या तीसचाळीस वर्षांतच कोणी गंभीरपणे विचारला. आपल्या बऱ्याच रुग्णालयांत तो अजूनही नीट विचारला जात नाही, असं माझं मत आहे.

आधी, होतं काय ते पाहू. निरोगी मूत्राशयात साधारण चारशे ते सहाशे मिलिलिटर लघवी मावते. दीडदोनशेच्या पुढे जाणीव होऊ लागते, चारशेच्या आसपास माणूस जागा शोधतो. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती बसलेली ग्रंथी आहे. पन्नाशीनंतर ती वाढत जाते आणि मार्ग आवळते. मूत्राशयाचा स्नायू वर्षानुवर्षं जास्त जोर लावून काम भागवत राहतो. धार बारीक होते, रात्री दोनतीनदा उठावं लागतं, पण घरात कोणी त्याची दखल घेत नाही. मग एखाद्या दिवशी काहीतरी निमित्त घडतं. सर्दीची गोळी घेतली जाते, चार दिवस शौचाला साफ होत नाही, रात्रीच्या बसमध्ये गाडी थांबेपर्यंत लघवी रोखून धरावी लागते, लग्नात थोडी जास्त घेतली जाते, किंवा कसलीशी शस्त्रक्रिया होते. मूत्राशय नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो. ताणलेल्या स्नायूला आकुंचन पावता येत नाही, म्हणून लघवी होत नाही, म्हणून तो आणखी ताणला जातो. काही तासांत बेंबीखाली नारळाएवढा गोळा हाताला लागतो आणि माणूस गडाबडा लोळू लागतो. हे क्वचित घडणारं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून अभ्यास झाला, त्यात सत्तरीतल्या दहा पुरुषांपैकी साधारण एकावर पुढच्या पाच वर्षांत ही वेळ येते असं दिसलं.

अशा माणसाला नळी म्हणजे साक्षात सुटका. म्हणूनच शोधकांची सगळी बुद्धी शतकानुशतकं नळीच्या आत जाण्यावर खर्च झाली. १७५२ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने बॉस्टनमधल्या आपल्या भावाला, जॉनला, पत्र लिहिलं. जॉनला मूतखडा होता आणि ताठ धातूची नळी सोसवत नव्हती. फ्रँकलिनने चांदीची, वाकणारी नळी कशी असावी याचा विचार केला, सोनाराकडे गेला आणि ती पुरी होईपर्यंत समोर बसून करवून घेतली. पुढच्या शतकात पॅरिसमध्ये उपकरणं बनवणाऱ्या शारिएरने नळ्यांच्या जाडीचं माप ठरवून दिलं. तीन अंक म्हणजे एक मिलिमीटर व्यास. आज सिस्टर ‘सोळा नंबर आणा’ म्हणते तेव्हा ती शारिएरचंच माप मागत असते, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरहून किंचित जाड नळी. गुडइयरची रबर पक्कं करण्याची रीत आल्यावर नेलाटों या फ्रेंच सर्जनने १८६० च्या सुमारास मऊ लाल रबरी नळी रूढ केली. ती मूत्रमार्गाला न दुखवता आपली वाट आपण शोधत जाई. फुगा नसलेली, एकदा घालून लगेच काढायची साधी नळी मेडिकलच्या दुकानात आजही त्याच्याच नावाने मिळते. वॉर्डात तिला ‘प्लेन कॅथेटर’ म्हणतात. तिची आठवण ठेवा, पुढे तिचं काम आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात प्रोस्टेट वाढलेला श्रीमंत म्हातारा नळी टोपीत किंवा छत्रीच्या दांड्यात बाळगून हिंडत असे आणि दिवसातून काही वेळा स्वतःच घालून घेई. या जगण्याला डॉक्टरांनी ‘कॅथेटर-लाइफ’ असं नावच दिलं होतं. जंतूंची कल्पना रुजण्यापूर्वीची ती गोष्ट. थंडी वाजून ताप येई, आणि पुष्कळांचं हे आयुष्य फार लांबत नसे. त्यातून सुटण्याचा रस्ता शस्त्रक्रियेने दाखवला आणि त्यात हिंदुस्थानातल्या अनुभवाचा वाटा आहे. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसएक वर्षं उत्तर हिंदुस्थानात होता. तिथे मूतखड्याचे रोगी इतके, की मूत्राशयातले खडे आतल्या आत फोडून काढण्यात त्याचा हात बसला. रामपूरच्या नवाबाचा खडा काढल्याबद्दल मिळालेली लाखाची बिदागी सरकारदरबारी वादाचा विषय झाली. निवृत्त होऊन लंडनला गेल्यावर १ डिसेंबर १९०० रोजी त्याने पोटातून मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट बोटाने संपूर्ण सोलून काढली, आणि पुढच्या वर्षी तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून जगाला सांगता झाला. या शस्त्रक्रियेचा मान आपलाच, असं म्हणणारे इतरही होते आणि त्यावर बरीच खडाजंगी झाली, पण तो वेगळा विषय.

प्रोस्टेट काढल्यावर रक्तस्राव फार होई. इथे मिनेसोटातल्या सेंट पॉलचा फ्रेडरिक फोली येतो. नळीच्या टोकाशी रबरी फुगा बसवायचा, तो आत फुगवायचा आणि प्रोस्टेटच्या रिकाम्या झालेल्या खाचेवर दाब देऊन रक्त थांबवायचं, ही त्याची मूळची गरज. अशा फुग्याची नळी त्याने १९२९ मध्ये वर्णन केली आणि १९३५ मध्ये मूत्ररोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेपुढे दाखवली. पेटंटसाठी त्याच्या आधी पॉल रायशे नावाच्या माणसाचा अर्ज गेला होता. वाद कोर्टापर्यंत गेला, पेटंट रायशेकडे राहिलं आणि नाव मात्र फोलीचं टिकलं.

फोलीच्या फुग्याने एक गोष्ट केली जी त्याच्या मनातही नसावी. तोपर्यंत नळी आत ठेवायची तर ती फितीने बांधावी लागे, चिकटपट्टीने डकवावी लागे, कधी टाका घालून शिवावी लागे. त्रासाचं काम होतं, म्हणून ती ठेवायची की नाही याचा दरवेळी विचार होई. आता दहा मिलिलिटर पाणी सोडलं की नळी महिनाभर जागची हलत नाही. ठेवणं सोपं झालं आणि काढण्याचा विचार मागे पडला. शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबेपर्यंत चार दिवस वापरायचं साधन वॉर्डातल्या सोयीचं साधन झालं. म्हातारा माणूस उठून जाऊ शकत नाही, घाला नळी. लघवी मोजायची आहे, घाला नळी. रात्रपाळीला माणसं कमी आहेत, घाला नळी.

याची किंमत १९५८ मध्ये पॉल बीसन या अमेरिकन वैद्याने एका संपादकीयातच मांडली. कॅथेटरविरुद्धचा खटला अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं, आणि वैद्यकीय नियतकालिकांतल्या फार थोड्या संपादकीयांना लाभतं तेवढं आयुष्य त्याला लाभलं. त्या काळी नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेलं असे. चार दिवसांत जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू पोचत. १९६६ मध्ये क्युनिन आणि मॅककॉर्मक यांनी बंद पिशवीची पद्धत वापरून हा वेग पुष्कळ कमी करता येतो हे दाखवलं, आणि आज खाटेला अडकवलेली दिसते ती झाकणबंद पिशवी रूढ झाली. वेग कमी झाला, थांबला नाही. नळी आत असेल तर दर दिवशी शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, असा सर्वसाधारण हिशोब आहे. त्यामुळे ज्याला नळी लागत नाही त्याला ती न घालणं आणि ज्याला घातली त्याची वेळेवर काढणं, याहून मोठा उपाय उरत नाही.

नळी लागते की नाही हे कळायचं कसं? मूत्राशय किती भरला आहे ते बाहेरून मोजता आलं तर. ध्वनिलहरींनी मूत्राशय पाहण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात झाले, आणि १९८० च्या दशकात केवळ याच कामाचं, सोबत नेता येणारं यंत्र बाजारात आलं. त्याला ब्लॅडर स्कॅनर म्हणतात. जांघेच्या हाडाच्या वर दोन बोटांवर जेल लावायचं, टोक किंचित खाली मूत्राशयाकडे रोखायचं, बटण दाबायचं. आकडा मिलिलिटरमध्ये येतो. सिस्टरला ते एका दुपारी शिकता येतं. आकडा फसवतोही. पोटात पाणी झालेलं असेल किंवा ओटीपोटात मोठी गाठ असेल तर यंत्र तेच मूत्राशय समजतं. माणूस फार लठ्ठ असेल किंवा टाक्यांची ताजी जखम नेमकी तिथेच असेल तर आकडा कमी येतो. आकडा आणि माणूस यांचं जुळत नसेल तर माणसावर विश्वास ठेवून पुन्हा मोजावं.

हे यंत्र आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयात सहसा नसतं. नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रानेही हेच मोजता येतं. मूत्राशयाची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि त्याला ०.५२ ने गुणायचं. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी, कागद आणि ठरलेली खोली यांत बांधलेलं आहे. ते योग्यच आहे. त्याचा परिणाम मात्र असा, की रात्री अकराला वॉर्डातल्या म्हाताऱ्याच्या पोटावर ठेवायला ते यंत्र हाताशी नसतं. उरतो हात. ओटीपोटावर बोटं ठेवून वाजवलं की भरलेल्या मूत्राशयावर आवाज बद्द येतो, आतड्यावर पोकळ. पाचशेच्या पुढे हे बहुधा कळतं. मात्र त्यासाठी कोणीतरी हात ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतरचा एक दिवस कल्पनेने तास मोजत पाहू. एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ, जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया. रात्री दोनदा लघवीला उठतात, पण दाखल करताना कोणी विचारलं नाही. सकाळी अकराला पाठीच्या कण्यात बुपिव्हाकेनचं इंजेक्शन, दुपारपर्यंत सलाइनच्या तीन बाटल्या, म्हणजे दीड लिटर. तीनला पाय हलू लागले, सगळ्यांना हायसं वाटलं. पण पाय हलवणाऱ्या नसा आधी जाग्या होतात आणि मूत्राशयाच्या नसा सर्वांत शेवटी. बुपिव्हाकेननंतर मूत्राशयाचा स्नायू जोर धरायला सातआठ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहासातपर्यंत जाणीवही नाही आणि ताकदही नाही, आणि मूत्रपिंडं मात्र सलाइन तासाला शंभरसव्वाशेच्या वेगाने खाली सोडत आहेत. पाचला सिस्टरने विचारलं, “काका, लघवी झाली का?” ते म्हणाले, “लागलीच नाही.” सातला ते अस्वस्थ झाले, रक्तदाब चढला. टाके दुखत असतील म्हणून ट्रामाडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं. अफूच्या कुळातली ही औषधं मूत्राशयाला आणखी सुस्त करतात. नऊला पातळ धार आली, पन्नास मिलिलिटर. कागदावर नोंद झाली, ‘लघवी झाली’. पुढे दर अर्ध्या तासाला थेंब थेंब. घरच्यांना वाटलं, सुरू झालं एकदाचं. हे खरं तर भरून वाहणं आहे. अकराला ड्युटीवरच्या डॉक्टरने पोटावर हात ठेवला, गोळा बेंबीपर्यंत. नळी घातली तर एक लिटर निघालं.

आता तोच दिवस मोजमापासह. चारला यंत्र तीनशे दाखवतं, काही करायचं नाही. सहाला साडेचारशे. उठवून उभं केलं, पडदा ओढला, नळ सोडला, नातवाला बाहेर पाठवलं. पुष्कळ पुरुषांना आडवं पडून भांड्यात होतच नाही, त्यातून चार माणसं बघत असताना. अर्धा तास वाट पाहिली, झालं नाही, आकडा साडेपाचशे. आता प्लेन कॅथेटर घालायची, मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी काढून टाकायची. भूल उतरली की रात्री ते आपणहून करतात. पाचशे ते सहाशेची ही रेघ सर्वत्र सारखी नाही, पण तिच्यामागचा विचार एकच आहे. स्नायू ताणून निकामी होण्यापूर्वी त्याला मोकळं करायचं. पहिल्या दिवसातल्या गृहस्थांना तीन दिवस पिशवी लागली, दुसऱ्यातल्यांना दहा मिनिटं नळी लागली. माणूस तोच, शस्त्रक्रिया तीच.

राहणारी नळी घालायची वेळ आली तर फोलीच्या फुग्याचीच भीती बाळगावी. शिश्न सरळ वर धरून बधिर करणारी जेली दहा मिलिलिटर सोडायची आणि तीनचार मिनिटं थांबायचं. हे थांबणंच सर्वांत जास्त वेळा गाळलं जातं. चौदा किंवा सोळा नंबरची नळी प्रोस्टेटपाशी अडली तर जोर करायचा नाही. रोग्याला खोल श्वास घ्यायला सांगून हलका दाब ठेवायचा. तरी जात नसेल तर टोक वर वळलेली नळी वापरायची, कारण तिचं टोक प्रोस्टेटच्या उंचवट्यावरून चढून जातं. लघवी दिसली तरी तिथे न थांबता नळी तिच्या दुभंगलेल्या टोकापर्यंत आत सारायची आणि मगच फुग्यात पाणी भरायचं. पुरुषाचा मूत्रमार्ग वीसएक सेंटिमीटरचा असतो. अर्ध्यात फुगा फुगवला तर तो प्रोस्टेटमध्ये किंवा मार्गातच फुगून मूत्रमार्ग फाडतो. फुगवताना रोगी ओरडला, सिरिंजला विरोध लागला किंवा नळीतून फक्त रक्त आलं, तर फुगा चुकीच्या जागी आहे असं धरून तो लगेच रिकामा करायचा. शेवटी मागे ओढलेली कातडी पुन्हा पुढे आणायची. ती तशीच राहिली तर काही तासांत सुजून आवळते, आणि हा अपघात शंभर टक्के टाळता येण्यासारखा आहे. किती निघालं ते लगेच लिहायचं. लघवी थांबत थांबत, चिमटे लावून काढावी असं आमच्या आधीच्या पिढीला शिकवलं होतं, रक्त येईल, रक्तदाब पडेल म्हणून. प्रत्यक्ष तुलना झाली तेव्हा एकदम रिकामा केल्याने जास्त अपाय झालेला दिसला नाही.

त्या पहिल्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. सहाआठशे निघाले, वेदना फार होत्या, मूत्रपिंडं ठीक आहेत, तर ही अचानक आलेली अडचण आहे आणि ती सुटण्याची शक्यता चांगली आहे. दीड लिटर निघालं आणि माणूस तसा शांतच होता, तर हे महिन्यांपासून साठत आलेलं आहे. अशांचा क्रिएटिनिन तपासायचा, सोनोग्राफीत मूत्रपिंडं फुगली आहेत का पाहायची. नळी घातल्यावर पुढचे काही तास लघवी मोजायची, कारण तासाला दोनशेहून जास्त लघवी सलग होऊ लागली तर शरीर कोरडं पडतं आणि सोडियम, पोटॅशियम बिघडतात. मूत्रपिंडांवर दाब आलेल्या या माणसाची नळी ‘काढून बघू’ म्हणून काढायची नाही. त्याला पुन्हा वेदना होणार नाहीत, तो बरा दिसेल आणि मूत्रपिंडं आतल्या आत बिघडत राहतील.

बाकीच्यांसाठी मात्र नळी काढून बघणं हाच उपचार आहे. एकेकाळी लघवी तुंबली की रोगी दाखल होई आणि त्याच मुक्कामात प्रोस्टेट काढली जाई. अशा घाईच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत जास्त होते हे लक्षात आल्यावर सर्जन थांबायला शिकले. दोनतीन दिवस मूत्राशयाला विसावा द्यायचा आणि त्या काळात मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी सुरू ठेवायची. टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन, दिवसातून एक. अल्फुझोसिनच्या एका मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरातल्या बासष्ट जणांना नळी काढल्यावर आपणहून लघवी झाली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी अठ्ठेचाळीस जणांना. फरक चमत्काराचा नाही, पण स्वस्तात मिळणारा आहे. गोळीने उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून पहिल्या रात्री म्हाताऱ्याला एकट्याने उठू देऊ नये.

पहिल्या दिवसातल्या, पिशवी लागलेल्या आपल्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते पाहू. तिसऱ्या दिवशी शौचाला साफ झाल्याची खात्री करून सकाळी सहाला नळी काढली. सकाळी एवढ्यासाठी, की बिनसलंच तर दिवसाउजेडी आणि माणसं हजर असताना बिनसावं. दर तासाला एखादा पेला पाणी, जास्त नाही. घरचे प्रेमापोटी तांब्यावर तांब्या पाजतात, त्याने मूत्राशय पुन्हा ताणतो आणि जमणारं फसतं. साडेआठला एकशे वीस झाली, स्कॅनवर मागे दोनशे ऐंशी. सकाळी पहिल्यांदा एवढं उरलं तर घाबरायचं नाही. साडेदहाला दोनशे, मागे एकशे साठ. एकला दोनशे तीस, मागे नव्वद. पहिल्या वेळेनंतर दर वेळी दीडशेहून जास्त होते आणि मागे दीडदोनशेच्या आत उरते, तर माणूस घरी जायला मोकळा. उलट चारपाच तासांत काहीच न होणं, किंवा वीसतीसचे घोट होऊन मागचा आकडा चारशे, पाचशे असा चढत जाणं, ही चाचणी फसल्याची खूण. पोट दुखायची वाट न पाहता नळी परत घालावी.

फसलं तर आठदहा दिवसांनी पुन्हा एकदा बघतात, गोळी चालू ठेवून. तेव्हाही नाही जमलं तर दुर्बिणीने किंवा लेझरने प्रोस्टेट काढणं. इथेच आपल्याकडे माणसं हरवतात. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात, साखर ताब्यात आल्यावर, मुलगा पुण्याहून आल्यावर, असं होत होत लॅटेक्सची नळी दोन महिने आत राहते, कडक होते, तिच्यावर क्षार धरतात, आणि एका रात्री ती बंद पडून माणूस पुन्हा पहिल्या जागी येतो. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा फक्त ‘फोलीज कॅथेटर इन सिटू’ एवढंच असतं. त्यावर पहिल्यांदा किती निघालं, कुठल्या तारखेला घातली, नळी कशाची आणि किती नंबरची, फुग्यात किती पाणी आहे आणि कोणत्या तारखेला काढून बघायचं, या पाच गोष्टी लिहिल्या तर दुसऱ्या गावातला अनोळखी डॉक्टरसुद्धा पुढचं काम करू शकतो. इंग्लंडमधल्या रुग्णालयीन नोंदींचा मोठा अभ्यास सांगतो, की प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून दाखल झालेल्यांपैकी शंभरातले पंधराएक जण वर्षभरात दगावतात, आणि दुसऱ्या एखाद्या आजाराच्या निमित्ताने तुंबली असेल तर पंचवीसएक. नळीने ते मरत नाहीत. हृदय, फुप्फुसं, साखर, मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात आणि तुंबणं ही त्याची खूण असते. त्यामुळे अशा माणसाची फक्त लघवी मोकळी करून त्याला घरी धाडणं अर्धवट काम आहे.

आणि ज्याचं हृदय शस्त्रक्रियाच सोसणार नाही, त्याचं काय? मिशिगनमधल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की माणूस साध्या साबणाने धुतलेल्या हातांनी स्वतःच, दिवसातून चारपाच वेळा, प्लेन कॅथेटर घालून मूत्राशय रिकामा करू शकतो. नळी निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय ताणलेला न राहणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते टिकलं. दर वेळी चारशेच्या आत निघेल एवढं अंतर ठेवायचं. पिशवी नाही, फुगा नाही, लुंगीआड लपवायला काही नाही. हात थरथरत नसतील, डोळ्यांना दिसत असेल तर पंचाहत्तरीचा माणूसही हे शिकतो. शिकवायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा मिनिटं. फोलीज घालायला पाच मिनिटं पुरतात. आपल्या ओपीडीतली गर्दी पाहता कोणता उपाय निवडला जातो ते सांगायला नको. पण या अर्ध्या तासासाठी एखादी प्रशिक्षित सिस्टर आठवड्यातून एक दुपार जिल्हा रुग्णालयात बसवणं, हे ब्लॅडर स्कॅनर विकत घेण्याहूनही कमी खर्चाचं आहे.